टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, मग हनुवटीवर केस का?

पीसीओएसची शंका म्हणून रक्ततपासणी झाली की रिपोर्टात टेस्टोस्टेरॉनचा आकडा बहुधा सगळ्यात आधी पाहिला जातो. तो लॅबने दिलेल्या मर्यादेत असला की तुम्हाला सांगण्यात येतं, 'हार्मोन्स नॉर्मल आहेत.' पण पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हनुवटीवर जाड केस उगवतायत आणि मानेवरचा काळेपणा घासूनही जात नाही. हे सगळं खरं आहे आणि रिपोर्टातला आकडाही खरा आहे. दोन्हींचा मेळ घालायचा असेल, तर त्याच रिपोर्टातली आणखी एक ओळ पाहावी लागते. तिचं नाव एसएचबीजी.

एसएचबीजी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन त्याला घट्ट चिकटलेलं असतं आणि चिकटलेलं आहे तोवर केसांच्या मुळांवर किंवा त्वचेवर त्याचा परिणाम होत नाही. काही भाग अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला सैलसर धरून असतो. पूर्ण मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या रक्तात जेमतेम एक-दोन टक्के असतं, पण काम करतं ते हेच. नेहमीच्या तपासणीत मात्र चिकटलेलं आणि मोकळं असं सगळं मिळून एकच आकडा येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, चोवीस वर्षांच्या एका मुलीचं टेस्टोस्टेरॉन 58 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर आहे. बऱ्याच लॅबच्या हिशेबात हा आकडा मर्यादेच्या काठावर किंवा आत बसतो. त्याला 0.0347 ने गुणलं की नॅनोमोलमधला आकडा मिळतो, साधारण 2. आता तिचं एसएचबीजी 22 नॅनोमोल प्रति लिटर असेल, तर 2 भागिले 22 गुणिले 100, म्हणजे सुमारे 9. याला फ्री अँड्रोजन इंडेक्स म्हणतात, अँड्रोजन म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स. तो साधारणपणे 5 च्या खाली असावा अशी अपेक्षा असते, नेमकी मर्यादा लॅबनुसार बदलते. तिच्याच वयाच्या दुसऱ्या मुलीचं टेस्टोस्टेरॉनही 58 च आहे, पण एसएचबीजी 55. तिचा इंडेक्स येतो साडेतीनच्या आसपास. पहिल्या मुलीच्या शरीरात कामाला मोकळं असलेलं टेस्टोस्टेरॉन दुसरीच्या दुपटीहून जास्त आहे, आणि वरच्या आकड्यावरून ते कळलंही नसतं.

एसएचबीजी कमी का झालं? बहुतेक वेळा उत्तर इन्सुलिनपाशी सापडतं. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांचे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. स्नायू ऐकत नसले तरी अंडाशय मात्र त्याचं ऐकतं. वाढलेलं इन्सुलिन तिथल्या पेशींना जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि दुसरीकडे यकृतातलं एसएचबीजीचं उत्पादन कमी करतं. एकाच कारणाने टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि त्याला धरून ठेवणारं प्रथिन घटतं. मानेवरचा आणि काखेतला मखमली काळेपणा हीसुद्धा बहुधा या वाढलेल्या इन्सुलिनचीच खूण असते. तो मळ नाही, त्यामुळे घासून त्वचा सोलवटून घेऊ नका.

या वातावरणात अंडाशयातली छोटी बीजपुटकं वाढायला लागतात, पण बहुतेक वेळा एकही पूर्ण पिकून स्त्रीबीज सोडत नाही. सोनोग्राफीत 'सिस्ट' म्हणून दिसतात ती हीच थांबलेली पुटकं. त्या गाठी नव्हेत आणि त्या काढायच्या नसतात. एएमएच हे हार्मोन याच पुटकांतून येतं, त्यामुळे ती जास्त असली की एएमएचही जास्त दिसतं. प्रौढ स्त्रीची पाळी अनियमित असेल, अंगावर जाड केस किंवा वाढलेलं अँड्रोजन असेल आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशी इतर कारणं तपासून बाजूला काढलेली असतील, तर निदानासाठी सोनोग्राफी लागतच नाही. मुलगी किशोरवयात असेल, तर निदानासाठी सोनोग्राफी करूच नये असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही भरपूर पुटकं दिसतात. एलएच आणि एफएसएच या पाळीचं चक्र चालवणाऱ्या हार्मोन्सचं प्रमाण उलटं आहे म्हणून पीसीओएस, हेही आता निदानात धरत नाहीत.

रिपोर्ट फसवा येण्याच्या दोन वाटा मला आवर्जून सांगायच्या आहेत. पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर एसएचबीजी वर जातं आणि टेस्टोस्टेरॉन खाली येतं, मग सगळं छान दिसतं. म्हणून तपासणी गोळ्या बंद करून किमान तीन महिन्यांनी करतात. मात्र गोळ्या डॉक्टरांशी बोलूनच थांबवा आणि त्या काळात गर्भनिरोधनाची गरज असेल तर दुसरी सोय करा. दुसरी वाट बायोटिन या जीवनसत्त्वाची. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत ते मोठ्या मात्रेत असतं. काही लॅब यंत्रांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असल्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एसएचबीजी खोटं कमी येऊ शकतं, म्हणजे हुबेहूब पीसीओएससारखं चित्र. रक्त देण्याआधी त्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या हे लॅबला विचारा.

उपाशीपोटी इन्सुलिन मोजण्याचं पॅकेज सध्या सर्रास विकलं जातं. त्या आकड्याने निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत. त्यापेक्षा 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासणं कितीतरी उपयोगी.

आता व्यायामाकडे या. चालताना, जिने चढताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत घेतो. म्हणजे जो स्नायू इन्सुलिनचं ऐकत नाही, त्याला काम देऊन आपण इन्सुलिनचीच गरज कमी करतो. त्यामुळे वजनकाट्यावर फरक दिसला नाही तरी फायदा होत असतो. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दमदार चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम पुरेसा आहे. उठाबशा, डंबेल, पाण्याच्या बाटल्या, काहीही चालेल. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालून यायला सोसायटीचं आवारही पुरतं.

पीसीओएससाठी अमुक एक आहार सरस ठरलेला नाही. पोळी बंद, भात बंद अशी यादी मी देणार नाही. नाश्त्याला पोहे खाल्ले तर त्यातले थोडे कमी करून सोबत मटकीची उसळ किंवा अंडं घ्या. उपवासाला साबुदाणा खिचडी हलकी म्हणून खाल्ली जाते, प्रत्यक्षात तो जवळपास निव्वळ स्टार्च असतो. त्याऐवजी भगर, दही आणि शेंगदाण्याची आमटी घेतली तर प्रथिनं तरी मिळतात. वजन जास्त असेल तर 70 किलोच्या मुलीने साडेतीन-चार किलो कमी केले तरी पाळीत फरक पडू शकतो. वजन मुळात योग्य असेल तर ते कमी करू नका, उपाशी राहूनही पाळी बंद होते.

चेहऱ्यावरच्या केसांना मात्र सहा महिने तरी द्या. एकदा जाड झालेले केस आहाराने गळून पडत नाहीत. त्यासाठी लेझर किंवा औषधं घ्यावी लागली तर त्यात कमीपणा नाही.

पाळी तीन महिने आलीच नाही तर वाट पाहत बसू नका. स्त्रीबीज सुटत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि ते औषध देऊन झडवावं लागतं. लैंगिक संबंध असतील तर आधी गर्भचाचणी करा, कारण अनियमित पाळीतही अधूनमधून स्त्रीबीज सुटतं. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या तारखा, कंबरेचा घेर आणि रक्तदाब यांच्या नोंदी घेऊन जा. उपचार नीट चाललेत का हे त्यांतून कळतं, त्यासाठी एएमएच पुन्हा करण्याची गरज नाही.