तीन रकाने कुठून आले: स्ट्रॅटेजीवार रोजच्या नफा-तोट्याची पार्श्वभूमी

बुक झालेला नफा, उघड्या पोझिशनवरचा कागदी नफा आणि खर्च असे तीन रकाने आज अल्गो ट्रेडरच्या लॉगमध्ये दिसतात. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की काय होते, हे मुंबईच्या शेअर बाजाराने बदल्याच्या काळातच पाहिले होते.

बदला पद्धतीत सेटलमेंट संपताना पोझिशन खरोखर मिटवावी लागत नसे. हवाला भावाने ती बंद झाली असे धरले जाई आणि त्याच भावाने पुढच्या सेटलमेंटमध्ये पुन्हा उघडली जाई. समजा २०० रुपयांना घेतलेल्या शेअरचा हवाला भाव २१० निघाला. मग बिलात दहा रुपये जमा आणि नवी खरेदी २१० ला. शेअर विकलेला नाही, पण बिल पाहता नफा पदरात पडलेला. पोझिशन पुढे ओढण्याचे व्याज म्हणजे बदला आकार, तोही त्याच बिलात येई. चार सेटलमेंटनंतर मूळ खरेदीचा भाव स्वतःच्या वहीत वेगळा लिहिला नसेल, तर भावाने किती दिले आणि व्याजाने किती खाल्ले हे सांगता येत नसे.

जुलै २००१ मध्ये बदला संपला. त्याआधी जून २००० मध्ये बीएसई आणि एनएसईवर इंडेक्स फ्युचर आले आणि हवाला भावाचे तत्त्व रोजचे झाले. फ्युचरचा दैनिक सेटलमेंट भाव सर्वसाधारणपणे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून निघतो आणि त्यानुसार एमटीएमचे, म्हणजे त्या दिवसाच्या भावफरकाचे, पैसे खात्यात जमा किंवा वजा होतात. म्हणजे पैसे खरे आलेले असतात, पण पोझिशन उघडीच असते. लेजर पाहून ‘बुक झाले’ म्हणणारा इथेच फसतो. पैसे जमा होणे ही क्लिअरिंगची घटना आहे. नफा बुक होणे ही पोझिशन बंद होण्याची घटना आहे.

स्ट्रॅटेजीवार हिशेब का हवा, हे १९९५ साली बेअरिंग्ज बँक बुडाली तेव्हा जगाने पाहिले. सिंगापूरमधल्या निक लीसनचा नफा सिंगापूर आणि जपानच्या बाजारांतील भावफरकाच्या, जवळपास बिनजोखमीच्या आर्बिट्राजमधून येतो असे लंडनला कळवले जाई. प्रत्यक्षात ८८८८८ क्रमांकाच्या खात्याशी सोयीच्या भावाने आपसांतले सौदे दाखवून नफा आर्बिट्राजच्या नावावर टाकला जात होता आणि तोटा त्या खात्यात साचत होता. सौद्यांची आणि बॅक ऑफिसची सूत्रे एकाच हाती होती. ८२ कोटी पौंडांहून मोठ्या तोट्यात बँक गेली. इतक्या कमी जोखमीच्या स्ट्रॅटेजीतून एवढा नफा कसा, हा प्रश्न आकड्यांमध्येच होता.

लबाडी नसतानाही नफा चुकीच्या नावावर जातो, कारण एक्सचेंज आणि ब्रोकर क्लायंट कोडवर पोझिशन नेट करतात. त्यांना तुमच्या स्ट्रॅटेजी ठाऊक नसतात. निफ्टी फ्युचरचा लॉट ७५ चा असतानाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. ट्रेंडवर चालणारी ‘क’ सोमवारी २४,८०० ला एक लॉट घेते. सेटलमेंट भाव २४,८४०. मंगळवारी इंट्राडे ‘ख’ २४,९०० ला एक लॉट विकते, २४,८७० ला परत घेते. सेटलमेंट भाव २४,८८०.

ब्रोकरचे स्टेटमेंट फिफोने, म्हणजे आधी घेतलेले आधी विकले असे धरून चालते. ‘ख’ची विक्री त्याला ‘क’ची खरेदी बंद झाल्यासारखी दिसते: बुक नफा ७,५०० रुपये आणि २४,८७० च्या नव्या खरेदीवर कागदी नफा ७५०. खरे तर ‘ख’चा बुक नफा २,२५० आणि ‘क’चा कागदी नफा ६,००० आहे. दोन्हीकडे बेरीज ८,२५० च येते, म्हणून चूक कुणाच्या नजरेत भरत नाही. एकूण आकडा जुळला म्हणजे वाटणी बरोबर, हा या कामातला सर्वांत महाग गैरसमज आहे. उपाय एकच. ऑर्डर टाकतानाच स्ट्रॅटेजीचा टॅग लावायचा आणि फिफो प्रत्येक टॅगच्या आत स्वतंत्र चालवायचा.

दुसरी चूक दिवसाच्या हद्दीवर होते. बुधवारी ‘क’ २४,८५० ला बाहेर पडते. बुक नफा ३,७५०. पण मंगळवारी रात्री लॉगमध्ये तिचा कागदी नफा ६,००० होता, तो आता शून्य झाला. म्हणून खर्च धरण्याआधीच बुधवारचा निकाल २,२५० तोटा आहे. लॉगमधले सूत्र असे:

```
day_pnl = realised + (unreal_close - unreal_prev) - fees
```

इथे `realised` मूळ खरेदीभावापासून मोजायचे आणि `unreal_prev` कालच्या ओळीतून जसेच्या तसे उचलायचे. ते आज नव्याने मोजले तर काल वापरलेला भाव बदलू शकतो आणि दोन दिवसांच्या मध्ये रक्कम गळते. फ्युचरसाठी शेवटच्या सौद्याचा भाव घेऊ नये. एक्सचेंजच्या रोजच्या भावकॉपीतील सेटलमेंट भाव, म्हणजे `SttlmPric`, घ्यावा, तरच सर्व स्ट्रॅटेजींची खर्चाआधीची बेरीज लेजरच्या एमटीएमशी जुळते.

ऑप्शनमध्ये गोष्ट उलटी. विकणाऱ्याला प्रीमियम लगेच जमा मिळतो, पण तो त्या दिवसाचा नफा नव्हे. पोझिशन उघडी आहे तोवर मिळालेला प्रीमियम आणि चालू भाव यांतला फरक कागदी रकान्यातच राहतो.

खर्चाचा रकाना वेगळा करण्याची गरज १ ऑक्टोबर २००४ ला एसटीटी लागू झाल्यावर ठळक झाली, कारण हा कर नफ्यावर नाही, उलाढालीवर आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला लागू झालेल्या दरांनी ‘ख’चा मंगळवार पाहा. विक्री १८,६७,५०० ची, त्यावर ०.०२ टक्के एसटीटी सुमारे ३७३ रुपये. खरेदीवर ०.००२ टक्के मुद्रांक शुल्क ३७, दोन्ही बाजूंना एनएसईचे व्यवहार शुल्क लाखाला १.७३ रुपये दराने ६५, सेबी शुल्क सुमारे ४, दर ऑर्डरला २० धरून दलाली ४०, शेवटच्या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी साधारण २०. एकूण सुमारे ५३९ रुपये. २,२५० पैकी जवळपास चौथा हिस्सा गेला. त्याआधी एसटीटी ०.०१२५ टक्के होता, म्हणजे त्याच सौद्याला १४० रुपये कमी. निव्वळ आकडाच लिहिणाऱ्याला त्या ऑक्टोबरनंतर स्ट्रॅटेजी मंदावली असे वाटले असते. सौद्यांची धार मात्र तीच होती.

खर्च नेहमी ऑर्डरसोबत येतो असेही नाही. एक्सपायरीला एक्सरसाइज होणाऱ्या ऑप्शनवर ऑगस्ट २०१९ पर्यंत पूर्ण सेटलमेंट मूल्यावर ०.१२५ टक्के एसटीटी होता. निर्देशांक ११,००० असेल तर युनिटमागे १३.७५ रुपये. पाच रुपये ‘इन द मनी’ संपलेला कॉल त्यामुळे पावणेनऊ रुपयांनी बुडायचा, आणि त्या दिवशी लॉगमध्ये एकही ऑर्डर नसायची. १ सप्टेंबर २०१९ पासून हा कर फक्त स्ट्राइक आणि सेटलमेंट भावातील फरकावर आला. तरी ऑर्डर नसलेल्या अशा खर्चासाठी एक्सपायरीची स्वतंत्र ओळ लॉगमध्ये लागते, आणि ती ऑप्शन उघडणाऱ्या स्ट्रॅटेजीच्याच नावावर पडायला हवी.

मार्जिनवरचे व्याज आणि तारण शुल्क यांचा ठरावीक सौद्याशी संबंध नसतो. ते स्ट्रॅटेजींमध्ये अंदाजाने वाटण्यापेक्षा ‘सामाईक’ टॅगखाली ठेवावेत. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये पैसे पूर्णांकात घेतल्याने रोज रुपया-दोन रुपयांचा फरक उरतो, तोही तिथेच जातो. हा फरक कधी शून्याच्या वर, कधी खाली राहिला तर ठीक. तो सलग एकाच दिशेने वाढू लागला, तर बहुधा एखादा दर बदललेला असतो आणि लॉग अजून जुनाच दर लावत असतो.