सकाळची नीरा दुपारी ताडी का होते? बाटली घेताना एवढं वाचाच

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे "सकाळी गोड होती, दुपारी उघडली तर फस्सकन वर आली, आंबट लागली, काही मिसळता का तुम्ही?" काही मिसळत नाही हो. उलट काहीच मिसळलेलं नाही म्हणूनच असं होतं.

नीरा आणि ताडी ही दोन वेगळी पेयं नाहीतच, एकच रस आहे, फक्त वेळ वेगळी. झाडाच्या आत रस जवळजवळ स्वच्छ असतो, पण पोय, म्हणजे झाडाचा फुलोरा, छाटली की कापलेल्या जागेवरून, हवेतून, रस चाखायला आलेल्या माश्या-मुंग्यांच्या पायावरून आणि मुख्य म्हणजे मडक्यातून यीस्ट आणि बॅक्टेरिया त्यात उतरतात. ज्याला ताडीच हवी असते तो मडकं मुद्दाम नीट धूत नाही, कालचा तळाचा गाळ म्हणजे आजचं विरजणच झालं. ज्याला नीरा हवी तो मडकं धुऊन, तापवून आतून चुना फासतो. ताजा रस साधारण पाण्यासारखा, ना आम्ल ना अल्कली, त्यात या जंतूंची चंगळ होते, चुन्याने तो इतका अल्कली होतो की त्यांची वाढ मंदावते. मंदावते म्हणतोय, थांबते नाही. नंतर चुना खाली बसवून आम्ही रस गाळून घेतो आणि लगेच बर्फात टाकतो, कारण चुना गेला की राखण फक्त थंडीची उरते.

आता बाटलीत काय होतं ते बघा. एक लिटर ताज्या रसात साधारण १२० ग्रॅम साखर धरा (झाड आणि हंगामाप्रमाणे कमीजास्त असते). ही बहुतेक आपल्या नेहमीच्या साखरेसारखीच, यीस्ट आधी तिचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मग ते खाऊन निम्म्याचं अल्कोहोल आणि निम्म्याचा कार्बन डायऑक्साइड करतं, वजनाने जवळजवळ निम्मं निम्मं. सोबत बॅक्टेरिया थोडी साखर लॅक्टिक ॲसिडमध्ये बदलतात, आंबटपणा तिथून.

समजा बाटली तापलेल्या गाडीत राहिली आणि १२० पैकी फक्त १० ग्रॅम साखर आंबली. चवीत धड कळणारही नाही, ११० ग्रॅम शिल्लकच आहे ना. पण तेवढ्यात ५ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल तयार झालं, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वरच, आणि गॅस झाला अडीच लिटरच्या वर! तो एक लिटरच्या बंद बाटलीत मावणार कुठे? म्हणून प्लास्टिकची बाटली टणक होऊन बुडाला फुगते आणि काचेची असेल तर फुटूही शकते, काचेत भरून ठेवूच नका. पुढे गरम हवेत काही तासांत हा वेग वाढतच जातो आणि दिवसभरात अल्कोहोल चार ते सहा टक्क्यांवर जाऊ शकतं, म्हणजे बिअरच्या बरोबरीला. त्याहून जास्त ठेवलं तर दुसरे बॅक्टेरिया त्याच अल्कोहोलचं व्हिनेगर करायला लागतात, मग ना नीरा ना ताडी.

म्हणून "गोड लागते म्हणजे नीराच आहे" हा हिशोब चुकतो. जिभेआधी डोळे वापरा. ताजी नीरा बऱ्यापैकी पारदर्शक असते, आंबायला लागली की दुधाळ होते कारण यीस्टचीच गर्दी होते, कडेने बारीक बुडबुडे सतत वर येतात, ढवळल्यावर विरणारा फेस वेगळा आणि पुन्हा पुन्हा जमणारा वेगळा. पाव भिजवल्यासारखा वास आला किंवा जिभेला टोचलं तर ती नीरा म्हणून लहान मुलांना, गरोदर बाईला, दारू सोडायच्या गोळ्या चालू असलेल्याला देऊ नका, पिऊन गाडीही चालवू नका.

फ्रिजचं पण सांगतो, थंडीने यीस्ट मरत नाही, सुस्तावतं. चार अंशाला ठेवलेली बाटली त्याच दिवशी संपवा, आणि एकदा दुधाळ झालेली पुन्हा फ्रिजात ढकलून काही उपयोग नाही, गेलेली साखर परत येत नाही. कोणी म्हणतं उकळून घेतो मग, तर उकळल्याने अल्कोहोल बरंचसं उडतं पण आंबटपणा तसाच राहतो. आम्हीही एकदा उरलेल्या आंबट रसाचा गूळ करायला गेलो होतो, तासन्‌तास ढवळलं, काकवीसारखं चिकट काहीतरी झालं, ढेप काही बसेना, कारण साखर आधीच फुटलेली होती. गुळासाठी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा, पहाटेची उतरल्या उतरल्या देऊ, घरी नेल्याबरोबर चुलीवर चढवा.