नावे रंगांवरून पडली, कामे नंतर उमगली

रक्त तपासणीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींची न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल अशी नावे असतात. त्यांत पेशींच्या कामाचा मागमूस नाही. 1879 च्या सुमारास पॉल अर्लिक या तरुण जर्मन डॉक्टराने काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून त्यावर कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग वापरून पाहिले. काही पेशींतले दाणे आम्लधर्मी इओसिन धरून बसले, काहींनी अल्कधर्मी रंग घेतला, तर काहींनी दोन्हींच्या मिश्रणातला मधला रंग. तीच त्यांची नावे झाली. आजही आपल्या लॅबमध्ये लिशमन स्टेन टाकला की इओसिनोफिलचे दाणे केशरी दिसतात.

कामे सावकाश कळत गेली. न्यूट्रोफिल जंतू गिळतात, मोनोसाइट ऊतींत शिरून मोठ्या भक्षक पेशी बनतात, इओसिनोफिल जंत आणि ॲलर्जीत वाढतात. पण ज्यात असे ठळक दाणे नाहीत, त्या लहान लिम्फोसाइटचे काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणाला नीट सांगता येत नव्हते.

हे कोडे ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी सोडवले. लसिका म्हणजे ऊतींमधून गोळा होऊन पुन्हा रक्तात मिसळणारा द्रव. त्यांनी उंदरांच्या छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीत नळी घालून ही लसिका बाहेर काढली. काही दिवसांतच तिच्यातले लिम्फोसाइट रोडावले. तेच रक्तात परत सोडले की संख्या टिकून राहायची. म्हणजे या पेशी रक्तातून लसिकाग्रंथींत, तिथून लसिकेत आणि पुन्हा रक्तात सतत फिरत असतात. त्या काढून घेतलेल्या उंदरांना नव्या परक्या पदार्थाविरुद्ध धड प्रतिकार उभा करता आला नाही. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. नळी, उंदीर आणि मोजदाद यांतून एवढे मोठे उत्तर निघाले.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, त्याचाही खुलासा इथे होतो. जखमेतले जंतूंचे तुकडे लसिकेबरोबर जांघेतल्या ग्रंथीत पोचतात. तिथून जाणाऱ्या असंख्य लिम्फोसाइटपैकी ज्यांना ते ओळखता येतात, त्या तिथेच थांबून वाढू लागतात, म्हणून गाठ फुगते आणि दुखते. जखम बरी झाली की ती हळूहळू उतरते. न दुखणारी, कडक, वाढतच जाणारी गाठ मात्र डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

लसिकाग्रंथी लसिका गाळतात, तर पोटात डावीकडे असलेली प्लीहा थेट रक्त गाळते. जुन्या तांबड्या पेशी मोडीत काढणे हेही तिचेच काम. तरीही ती काढली तरी फारसे बिघडत नाही, असा शल्यचिकित्सकांचा दीर्घकाळ समज होता. 1952 मध्ये किंग आणि शुमाकर यांनी प्लीहा काढलेल्या तान्ह्या बाळांना झालेल्या भीषण जंतुसंसर्गांची नोंद प्रसिद्ध केली आणि तो समज ढासळला. न्यूमोकॉकससारख्या जंतूंभोवती साखरेच्या साखळ्यांचे निसरडे कवच असते, त्यामुळे भक्षक पेशींना ते सहज पकडता येत नाहीत. प्लीहेत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे चटकन बनतात आणि प्रतिपिंडे चिकटलेले जंतू रक्तातून उचलले जातात. प्लीहा नसेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर शक्यतो दोन आठवडे अगोदर लशी देतात आणि घरच्यांना बजावतात: ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच निघा.