‘टर्म शीट बाइंडिंग नसते ना?’ : सही करण्याआधी हे वाचा

‘बाइंडिंग नाही म्हणून सही करून टाकली, आता एसएचएमध्ये तुम्ही बघून घ्या.’ आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सीड राउंडची जी कामं येतात, त्यातली बरीचशी या वाक्याने सुरू होतात. एसएचए म्हणजे शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंट, टर्म शीटनंतर होणारा पक्का करार. फाउंडरचा आणि आमचाही सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून हे पत्रक.

टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा पहिला कागद, बहुतांशी बंधनकारक नसते, हे खरं. गोपनीयता, वकिलांचा खर्च कोणी द्यायचा आणि नो-शॉप, एवढी कलमं मात्र सहसा बंधनकारक असतात. नो-शॉप म्हणजे ठरलेली मुदत, बहुधा ४५ ते ६० दिवस, दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलणी बंद. सही झाल्यावर तुमच्याकडे दुसरा पर्याय उरत नाही, आणि पगाराची तारीख काही थांबत नाही. त्यात समोरचे वकील एसएचएचा मसुदा टर्म शीट समोर ठेवूनच लिहितात. आम्ही एखादी ओळ बदलायला गेलो की उत्तर येतं, ‘हे तर सही झालेल्या कागदावर आहे.’ सहीआधी एका मेलमध्ये मिटणारा मुद्दा मग चार-पाच फेऱ्या खातो.

पुढची सगळी गणितं एकाच सौद्यावर करू. कंपनीचे ८०,००० शेअर आहेत, फाउंडर आणि कर्मचाऱ्यांसाठी राखलेला ईसॉप पूल धरून. गुंतवणूकदार ₹१,००० भावाने २ कोटी रुपये घालतो आणि २०,००० सीसीपीएस, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर, घेतो. एकूण झाले १ लाख शेअर, पोस्ट-मनी म्हणजे हे पैसे धरून कंपनीची किंमत १० कोटी, त्याचा वाटा २० टक्के.

लिक्विडेशन प्रेफरन्स. ‘कंपनी बुडाली तर लागू होणारं कलम, आपल्याला काय करायचंय!’ असं समजून हे पान उलटलं जातं. व्याख्या वाचा. कंपनीची विक्री, विलीनीकरण, बहुमताचे शेअर दुसऱ्याकडे जाणं, मुख्य मालमत्ता विकणं हे सगळं त्यात ‘लिक्विडेशन’ धरलेलं असतं. म्हणजे तुम्ही कंपनी चांगल्या भावाने विकलीत, तरी पैसे याच कलमाप्रमाणे वाटले जातात.

‘वन एक्स आहे, म्हणजे स्टँडर्डच ना?’ हा प्रश्न अर्धाच आहे. वन एक्स म्हणजे आधी त्याचे २ कोटी परत. त्यानंतर काय, ते पुढच्या ओळीत असतं. नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये तो आपले २ कोटी किंवा विक्रीच्या रकमेचे २० टक्के, यातलं जे जास्त ते एकच घेतो. पार्टिसिपेटिंगमध्ये २ कोटी तर घेतोच, वर उरलेल्या रकमेतही २० टक्के घेतो.

कंपनी १५ कोटींना विकली गेली असं धरा. नॉन-पार्टिसिपेटिंग असेल तर त्याला ३ कोटी आणि तुमच्या बाजूला १२ कोटी. पार्टिसिपेटिंग असेल तर त्याला २ कोटी अधिक १३ कोटींचे २० टक्के, म्हणजे ४ कोटी ६० लाख; तुमच्या बाजूला १० कोटी ४० लाख. फरक १ कोटी ६० लाखांचा. विक्री १० कोटींच्या वर कितीही रकमेला झाली तरी हा फरक तेवढाच राहतो. म्हणून ५०० कोटींची स्वप्नं बघताना तो दिसत नाही आणि १०-१५ कोटींच्या खऱ्या विक्रीत बोचतो.

कित्येक टर्म शीटमध्ये ‘पार्टिसिपेटिंग’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. दोन वाटपांमध्ये ‘यातलं जे जास्त ते’ आहे की ‘आणि त्यानंतर उरलेल्या रकमेत प्रमाणानुसार’, ते पाहायचं. गुंतवणूकदार हटूनच बसला तर कमाल मर्यादा मागा. दोन पटींची मर्यादा असेल तर दोन्ही मिळून ४ कोटींवर तो थांबतो. त्याहून जास्त हवं असेल तर त्याला प्रेफरन्स सोडून साध्या शेअरमध्ये यावं लागतं. आणखी एक: सीसीपीएसवर ०.०१ टक्का वगैरे नावापुरता डिव्हिडंड लिहिलेला असेल तर काही बिघडत नाही. पण ८ टक्के आणि तोही साठत जाणारा असेल, तर तुमचं ‘वन एक्स’ दरवर्षी फुगत जातं.

अँटी-डायल्यूशन. पुढचा राउंड कमी भावाने झाला तर सीसीपीएसचा रूपांतराचा भाव खाली येतो, इतकं बहुतेकांना माहीत असतं. किती खाली येतो, तिथे सगळं ठरतं. समजा पुढच्या वेळी ₹५०० भावाने १ कोटी उभे केले, म्हणजे २०,००० नवे शेअर. फुल रॅचेटमध्ये जुन्या गुंतवणूकदाराचा भाव थेट ₹५०० होतो आणि त्याच्या २०,००० सीसीपीएसचे ४०,००० शेअर होतात. तुमची बाजू ८० टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर येते. ब्रॉड-बेस्ड वेटेड अ‍ॅव्हरेजमध्ये नवे शेअर किती निघाले तेही मोजलं जातं, त्यामुळे भाव साधारण ₹९१७ वर थांबतो, शेअर होतात २१,८१८, आणि तुमच्याकडे ६५.७ टक्के राहतात. हे कलम मुळातच नसतं तरी ६६.७ टक्केच राहिले असते. आम्ही वेटेड अ‍ॅव्हरेजला फारसा विरोध करत नाही आणि रॅचेटवर अडून बसतो, ते यासाठी.

रॅचेटला रक्कम दिसत नाही, फक्त भाव दिसतो. ₹५०० ने एक लाखाचे, म्हणजे जेमतेम २०० शेअर दिले, तरी जुन्या गुंतवणूकदाराचे शेअर दुप्पट. म्हणूनच अपवादांची यादी हवी. ईसॉपचे शेअर कर्मचाऱ्याला बहुधा ₹१० दर्शनी किमतीला मिळतात. ईसॉप अपवादात नसेल तर तुमच्याच इंजिनिअरने ऑप्शन वापरले की हे कलम जागं होऊ शकतं. ईसॉप, बोनस, स्प्लिट आणि आधीच्या नोट्सचं, म्हणजे पुढे शेअर होणाऱ्या कर्जाचं, रूपांतर हे चार अपवाद टर्म शीटमध्येच लिहून घ्या.

बोर्ड सीट. दोन फाउंडर आणि एक गुंतवणूकदाराचा डायरेक्टर, ही रचना ठीकच आहे. छोट्या रकमेला, सभेत बसणाऱ्या पण मत नसलेल्या ऑब्झर्व्हरवर भागतं का ते विचारून पाहा. खुर्च्या मोजून मात्र थांबू नका, कोरम वाचा. कंपनी कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे एक तृतीयांश किंवा दोन, यातला जो आकडा मोठा तो कोरम. टर्म शीटमध्ये ‘गुंतवणूकदाराचा डायरेक्टर हजर असल्याशिवाय कोरम नाही’ असं आलं, की तो नुसता गैरहजर राहून बँकेचा ठरावसुद्धा अडवू शकतो. त्याचा उपाय म्हणजे तहकूब झालेल्या पुढच्या सभेला हजर असलेले कोणतेही दोन डायरेक्टर कोरम धरले जातील, ही ओळ. त्याचा हिस्सा, समजा, १० टक्क्यांखाली गेला तर सीटही जाईल, हेही लिहून घ्या. आणि तुमची स्वतःची सीट नोकरीला बांधलेली नको, शेअरला बांधलेली हवी.

आमच्या फीबद्दलही विचारणा होते. सहीआधीची तपासणी ठरलेल्या रकमेत करतो, सहीनंतरची वाटाघाट तासावर. काहींना हे उलटं वाटतं. पण सहीनंतर किती फेऱ्या होतील हे आमच्या हातात नसतं, आणि तो अंदाज आधीच फीमध्ये घातला तर वेळेवर येणाऱ्याला दुसऱ्याचा भुर्दंड पडेल.

पाठवताना टर्म शीट वर्ड फाइलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो नकोत. सोबत आजचा कॅप टेबल, म्हणजे कोणाकडे किती शेअर त्याचा तक्ता, त्यात मित्र-नातेवाइकांच्या नोट्स आणि शब्दावर कबूल केलेले ईसॉपही धरून, आणि सध्याचे आर्टिकल्स. एवढं हाती आलं की कामाच्या तीन दिवसांत लेखी शेरे आणि वरच्यासारखं तुमच्या आकड्यांचं गणित मिळेल. तोपर्यंत गुंतवणूकदाराला मेलवर ‘ओके, अ‍ॅग्रीड’ लिहू नका. ‘वकिलांना दाखवून कळवतो’ एवढंच कळवा.