पॅनोरमात ग्रुप फोटो काढताय? आधी हे वाचा

लांबलचक प्रिंट करायला आमच्याकडे ज्या फाइल्स येतात त्यात ग्रुप फोटोच जास्त असतात, आणि फोनच्या स्क्रीनवर छान दिसणारा पॅनोरमा मोठा करून बघितला की मग एकेक गोष्टी बाहेर येतात. कुणाला तीन हात, कुणाचा अर्धा चेहरा गायब, कडेची माणसं मधल्यांच्या निम्मी, मागची बिल्डिंग धनुष्यासारखी वाकलेली. प्रिंट आम्ही करून देतो पण यातलं बरंचसं नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी फोन काय करतो ते बघा. पॅनोरमा हा एका क्षणाचा फोटो नाहीच. तुम्ही फोन फिरवता तेव्हा तो भराभर फ्रेम्स घेत असतो आणि प्रत्येकीतली एक उभी पट्टी शेजारच्या पट्टीला जोडत जातो, म्हणजे दाराच्या फटीतून बघत बघत पुढे सरकावं तसं. फोटोची डावी कड आणि उजवी कड यांच्यात आठदहा सेकंदांचा फरक असतो. त्या वेळात जे हललं त्याची गडबड होणारच.

गडबड कोणत्या प्रकारची झालीय ते बघितलं की कारण कळतं. माणूस फोन फिरतोय त्याच दिशेने चालत असेल तर तो फटीत जास्त वेळ राहतो आणि ताणून रुंद होतो, उलट दिशेने येत असेल तर काडीसारखा बारीक होतो. जागेवरच उभा आहे पण जोड पडतानाच मान वळवली, तर चेहऱ्याची एक बाजू आधीची आणि दुसरी नंतरची, किंवा दोन चेहरे एकमेकांवर पुसट दिसतात, यालाच घोस्ट म्हणतात. आणि एखादा पोरगा मागून पळत पुढे गेला तर तोच दोनदा येतो. हे काही फोनमुळे आलेलं नाही बरं का, १९०४ साली सर्कट नावाचा गोल फिरणारा फिल्म कॅमेरा निघाला, त्यावर शाळांचे लांब ग्रुप फोटो काढायचे आणि पोरं मुद्दाम मागून धावत जाऊन दोन्ही टोकांना उभी राहायची.

उपाय सोपा आहे पण तो आधी सगळ्यांना नीट सांगावा लागतो. फोन तुमच्याकडे येण्याआधी स्थिर व्हा आणि पुढे गेला तरी लगेच हलू नका, कारण तुमचा शेजारी जोडला जात असताना तुमचा खांदा त्याच फ्रेममध्ये असतो. सगळ्यात जास्त घोस्ट "झालं माझं" म्हणून सैल पडणाऱ्यांचेच येतात. शेवटच्या माणसानंतर तुम्ही हात वर करेपर्यंत कुणीच हलायचं नाही असं ठरवून टाका. लहान मुलं असतील तर त्यांना एका टोकाला, जिथून सुरुवात करणार तिथे ठेवा.

आता वाकण्याचं. समजा ४० जण एका सरळ रांगेत उभे केले, माणशी अर्धा मीटर धरला तर रांग २० मीटर, आणि तुम्ही मधोमध ६ मीटरवर उभे आहात. मधला माणूस ६ मीटरवर पण टोकाचा जवळपास पावणेबारा मीटरवर, म्हणजे फोटोत तो मधल्याच्या निम्माच येणार. साध्या फोटोत लेन्स सपाट भिंतीवर चित्र टाकल्यासारखं काम करते म्हणून सरळ रेषा सरळ राहते, पॅनोरमात फोन गोल फिरून ते चित्र उलगडून सपाट करतो म्हणून लांबचं खरंच लहान होत जातं. फोनच्या उंचीवर असलेली रेषा तेवढी सरळ राहते, त्यामुळे डोकी साधारण एका ओळीत दिसतात आणि पायांची ओळ मात्र मधे खाली, टोकांना वर अशी होते. मागच्या बिल्डिंगचं छप्पर त्याच्या उलट, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरतं.

यावर उपाय म्हणजे रांगच सरळ ठेवायची नाही. साडेनऊ मीटरची दोरी घ्या, एक टोक फोन जिथे असेल तिथे धरा आणि दुसरं टोक ताणून जमिनीवर कमान आखा, त्या कमानीवर सगळ्यांना फोनकडे तोंड करून उभं करा. ४० जण साधारण १२० अंशात मावतात, म्हणजे फोन आधीइतकाच फिरवायचा, पण आता प्रत्येकजण सारख्या अंतरावर आहे म्हणून फोटोत रांग सरळ आणि माणसं सारखी येतात. बघणाऱ्याला कळतही नाही की ते कमानीत उभे होते. फक्त मागची बिल्डिंग तरीही वाकणारच, तिला तुमच्या दोरीचं काही पडलेलं नाही! तेव्हा मागे झाडं, डोंगर, मोकळं मैदान असं काहीतरी घ्या, लांब सरळ कंपाउंड किंवा खिडक्यांच्या रांगा नकोत.

फोन फिरवण्यात एक चूक जवळजवळ सगळेच करतात. हात लांब करून अख्खं अंग वळवतात, त्यामुळे लेन्स स्वतःभोवती न फिरता मोठ्या गोलात सरकते आणि जवळच्या वस्तू लांबच्यांच्या मानाने जागा बदलतात, फोनला ते जोडता येत नाही मग रेलिंग मधेच तुटतं. कोपरं अंगाला लावा, फोन जवळ धरा आणि फोन जागच्या जागी फिरेल असे तुम्हीच पावलं टाकत त्याच्याभोवती सरका. ट्रायपॉड असेल तर प्रश्नच मिटला. फोन उभा आणि सरळ, वर खाली झुकवायचा नाही, स्क्रीनवरची रेघ आणि बाण सोडायचे नाहीत, नाहीतर क्षितिज लाटेसारखं होतं आणि वरखाली झालेला भाग फोन कापतो म्हणून फोटोची उंची कमी होते.

आमचं मत विचाराल तर बऱ्याच वेळा पॅनोरमा लागतच नाही. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा धरला की साधारण ६५ अंश दिसतात. तेच ४० जण दोन ओळीत उभे केले तर रुंदी १० मीटर होते आणि ८ मीटर मागे गेलात की एका साध्या फोटोत सगळे मावतात, थोडी कड सुटावी म्हणून ९ मीटर जा. घोस्ट नाही, वाकणं नाही, बिल्डिंगही सरळ. एकच तोटा, १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० पिक्सेल रुंद असतो, त्यात एका माणसाच्या वाट्याला २०० पिक्सेलच येतात, भिंतभर प्रिंटला ते कमी पडतात.

मोठाच प्रिंट हवा असेल तर एकाच जागेवरून वेगवेगळे साधे फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग यायला हवा, आणि झूम, एक्सपोजर मधे बदलू नका. प्रत्येक जागेचे दोन तीन फोटो घेतलेत तर अजून बरं. जोड आम्ही घालतो, कुणी हललं असेल तर तो माणूस दुसऱ्या फोटोतून पूर्ण घेता येतो, तयार पॅनोरमात मूळ फ्रेम्सच उरत नाहीत म्हणून तिथे हे जमत नाही. वाकलेला पॅनोरमा आणलात तर थोडा ताणून सरळ करून देऊ पण कडेचे चेहरे मऊ पडतील, ते आधीच सांगतो.

काहीही काढलंत तरी लोक पांगायच्या आधी झूम करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक चेहरा, हात आणि दोन माणसांमधली जागा बघून घ्या. आम्हाला पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, चॅटमध्ये फोटो म्हणून पाठवली की ती लहान होऊन येते.