चिन्ह आणि चिन्हक: खांबावर दिसतं ते अजून चिन्ह नाही

चिन्हमीमांसेवरच्या, म्हणजे चिन्हं अर्थ कसा पोचवतात या अभ्यासावरच्या, उत्तरांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘लाल फलक हे चिन्ह आणि थांबणं हा त्याचा अर्थ.’ वाचायला बरं वाटतं, पण यात अख्खी संकल्पनाच उलटीपालटी झालेली असते. अर्थ चिन्हाच्या बाहेर उभा राहिला, आणि चिन्हकाची, म्हणजे नुसत्या दिसणाऱ्या रूपाची, जागा चिन्हाने बळकावली. पुढचं सगळं विश्लेषण मग याच पायावर चढत जातं.

रस्त्यावरचे फलक आणि इमोजी कोणाला समजावून सांगायला नकोत, म्हणून थेट मुद्द्यावर येऊ. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांच्या मांडणीत चिन्ह, म्हणजे साइन, ही जोडी आहे. तिचा एक घटक चिन्हक, म्हणजे सिग्निफायर: जे दिसतं किंवा ऐकू येतं ते रूप. दुसरा घटक चिन्हित, म्हणजे सिग्निफाइड: त्या रूपामुळे मनात उभी राहणारी कल्पना. सोस्यूर कागदाच्या दोन बाजूंची उपमा देतात. एक बाजू कापली की दुसरीही कापली जाते. म्हणजे चिन्हक हा चिन्हाचा भाग आहे, चिन्हाचं दुसरं नाव नाही.

थांबण्याचा फलक घेऊ. आठ कोनांचा आकार, लाल पृष्ठभाग, पांढरी किनार, वर शब्द: हे सगळं चिन्हक. ‘गाडी पूर्ण उभी कर, आडव्या रस्त्यावरची वाहनं जाऊ दे, मगच पुढे हो’ ही कल्पना म्हणजे चिन्हित. यातला ‘पूर्ण’ शब्द सोडू नका. टोक खाली असलेला त्रिकोणी फलकही ‘दुसऱ्याला जाऊ दे’ असंच सांगतो, पण रस्ता मोकळा असेल तर तिथे थांबायची सक्ती नसते. चिन्हित लिहिताना नुसतं ‘थांबणे’ लिहिलं तर हा फरक हातातून निसटतो. रूप आणि कल्पना जोडलेली असतील तेव्हाच त्या जोडीला चिन्ह म्हणायचं.

ही वाटणी खरी आहे का, हे तपासायची सोपी रीत म्हणजे एक बाजू धरून ठेवायची आणि दुसरी हलवायची. अमेरिकेत अष्टकोनी फलकाची पद्धत 1923 पासून रुजत गेली, पण तो लाल नव्हता. 1954 पर्यंत तिथला नेहमीचा फलक पिवळा, त्यावर काळी अक्षरं. मग तो लाल झाला आणि अक्षरं पांढरी. चालकाने काय करायचं ते तेच राहिलं. म्हणजे चिन्हक बदललं, चिन्हित टिकलं. त्यामुळे ‘लाल म्हणजे धोका, म्हणून थांबा’ हे लाडकं स्पष्टीकरण किती लंगडं आहे तेही कळतं. तीसेक वर्षं पिवळ्या रंगानेही माणसं थांबतच होती.

आता उलटं करू. 💀 हे चित्र तसंच ठेवा. एका संदेशात ते मृत्यू किंवा भीती सुचवतं, दुसऱ्यात ‘हसून हसून मेलो’. रूपात एका ठिपक्याचाही फरक नाही, तरीही चिन्हं दोन. ‘एका चिन्हाचे दोन अर्थ’ असं इथे सर्रास लिहिलं जातं. व्यवहारात ते चालतं, पण सोस्यूरच्या चौकटीत चालत नाही. चिन्हित बदललं की जोडी बदलली, आणि जोडी म्हणजेच चिन्ह. नेमकं वाक्य असं: एक चिन्हक, दोन चिन्हितं, म्हणून दोन चिन्हं.

इथे एक बारीक खाच आहे. ज्याला वाहतुकीचे नियम अजिबात ठाऊक नाहीत, त्याला लाल अष्टकोन दिसतो तेव्हा त्याच्यापुरतं ते चिन्हक असतं का? काटेकोरपणे बघितलं तर नाही. त्याच्यासाठी तो रंगवलेला पत्रा आहे. चिन्हक ही वस्तूची जात नसून जोडीतली भूमिका आहे, आणि समोर चिन्हित असल्याशिवाय ती भूमिका सुरूच होत नाही.

चिन्हित आणि प्रत्यक्ष वस्तू यांची गल्लत मात्र दोन वाक्यांत सुटते. उडी मारणाऱ्या हरणाच्या फलकाचं चिन्हित हरीण नव्हे, तर ‘पुढे जनावर अचानक आडवं येऊ शकतं’ ही कल्पना. त्या वाटेवर महिनाभर एकही हरीण फिरकलं नाही तरी फलक पूर्ण अर्थवान राहतो. आणि अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांची प्रतिमा, निर्देशक, प्रतीक ही त्रयी ही चिन्हांची वेगळी वर्गवारी आहे. ती चिन्हक-चिन्हिताच्या उत्तरात कोंबू नका, आणि दिसेल त्याला ‘प्रतीक’ म्हणायची सवय तर आधी सोडा.

इमोजींमध्ये चिन्हक नेमकं कुठे असतं, हा प्रश्न जास्त रंजक आहे. आपण पाठवतो ते चित्र नसतंच, तो युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि इमोजीला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीचा, एक क्रमांक असतो. पिस्तुलाचा क्रमांक U+1F52B. चित्र काढते ती समोरच्याच्या फोनमधली प्रणाली. 2016 मध्ये ॲपलने या क्रमांकासाठी हिरवी पाण्याची पिचकारी काढली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने उलट केलं: आधीची खेळण्यातली बंदूक हटवून खरं रिव्हॉल्व्हर आणलं. 2018 मध्ये बहुतेक मोठ्या कंपन्या पिचकारीकडे वळल्या.

मधल्या काळातला एक संदेश कल्पा: ‘तयार राहा, येतोय 🔫’. आयफोनवर लिहिणाऱ्याच्या पडद्यावर पिचकारी आहे, त्याच्या मनात दंगामस्ती. दुसऱ्या प्रणालीवर वाचणाऱ्याला रिव्हॉल्व्हर दिसतं आणि तो धमकी वाचतो. ‘एकाच चिन्हाचा गैरसमज झाला’ असं इथे म्हणता येत नाही. क्रमांक एकच, पण चिन्हकं दोन, चिन्हितंही दोन. दोघांनी दोन वेगळी चिन्हं वाचली. कवटीच्या उदाहरणात रूप एकच होतं, इथे रूपच फुटलं आहे; ही दोन उदाहरणं एका दावणीला बांधू नयेत. म्हणून इमोजीचं विश्लेषण करताना पहिली ओळ ही असावी: कोणत्या प्रणालीवरचं, साधारण कोणत्या वर्षीचं चित्र आपण बघतो आहोत. हे न सांगता ‘पिस्तुलाचं इमोजी हिंसा सुचवतं’ असं लिहिलेलं मला तरी अर्धवट वाटतं.

युनिकोडने दिलेलं नाव म्हणजेच चिन्हित, असं समजून बसणारेही भेटतात. 😤 चं अधिकृत नाव FACE WITH LOOK OF TRIUMPH, म्हणजे विजयी मुद्रा. नाकातून वाफा सोडणारा तो चेहरा मात्र लोक बहुतेकदा संताप किंवा वैताग दाखवायला वापरतात. नाव ही यादीतली नोंद आहे. चिन्हित ठरतं ते वापरणाऱ्यांमध्ये, त्यामुळे ते लिहिताना नावांची यादी न उघडता, तो चेहरा ज्या संदेशात आला आहे तो संदेश वाचावा.