प्लॉट नंबर 47 नेमका कुठला? खसरा आणि प्लॉट नंबरावरून जमीन ओळखण्याची रीत

नागपूरच्या बेसा, मानेवाडा, नारी, वाठोडा अशा भागांतल्या ले-आऊटमध्ये कुरियरवाल्याला पत्ता सांगताना आपण काय सांगतो? "पाण्याच्या टाकीजवळून आत या, किराणा दुकान लागेल, तिथून तिसरी गल्ली." गल्लीला नाव नसतं. घरावरची पाटी असेल तर तिच्यावर मालकाचं नाव आणि प्लॉट नंबर. कुरियरचं काम यावर भागतं. खरेदीखत, फेरफार किंवा मोजणीचं भागत नाही, कारण सरकारदरबारी तुमची जमीन टाकीजवळ नसते, ती एखाद्या मौजातल्या, म्हणजे महसुली गावातल्या, एखाद्या खसऱ्यात असते.

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गट नंबर किंवा सर्व्हे नंबर म्हणतात, त्याला आपल्याकडे जुन्या मध्य प्रांताच्या वहिवाटीमुळे खसरा नंबर म्हणतात. कागदावर तो 'ख. क्र.' असा दिसतो. शेतीच्या काळात गावाची मोजणी झाली, तेव्हा प्रत्येक शेताला एक क्रमांक मिळाला आणि गावाच्या नकाशात त्याची हद्द आखली गेली. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, तुकडे विकले गेले, म्हणून 83 चे 83/1 आणि 83/2 झाले. तिरपी रेघ मारून लिहिलेला हा आकडा म्हणजे हिस्सा. तो लिहायचा राहिला तर वाचणाऱ्याला अख्खं शेत दिसतं, तुमचा भाग नाही.

खसरा नंबर फक्त आपल्या मौजापुरता एकमेव असतो. खसरा 83 बेशातही असेल, पिपळ्यातही असेल. म्हणून मौजाचं नाव पूर्ण लिहायचं, कंसासकट. नागपुरात चिखली (देव) आणि चिखली (खुर्द) अशा दोन चिखल्या आहेत, एक कळमन्याकडची, दुसरी मानेवाड्याकडची. नुसतं 'मौजा चिखली' लिहिलं की गोंधळ झालाच. याचसाठी खतात मौजाशेजारी प.ह.नं., म्हणजे पटवारी हलका नंबर, आणि तहसील नागपूर (शहर) की नागपूर (ग्रामीण), हे लिहितात.

प्लॉट नंबराचा दर्जा त्याहून खालचा. तो सरकारी मोजणीतून आलेला नसतो. सोसायटीने किंवा ले-आऊट पाडणाऱ्याने आपल्या नकाशावर घातलेला तो क्रमांक असतो आणि प्रत्येक ले-आऊट 1 पासूनच सुरू होतो. एका मौजात दहा ले-आऊट असतील तर प्लॉट 47 हे सहज सात-आठ निघतील. कोणत्या खसऱ्यावरच्या कोणत्या नकाशातला 47, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

आता एक प्रकरण बघू. माझ्या मावसभावाकडचं आहे. आकडे बदलले आहेत, गोष्ट तीच. त्याने बेशात 30 बाय 50 चा, म्हणजे 1500 चौरस फुटांचा प्लॉट घेतला. खतात लिहिलं होतं: मौजा बेसा, ख. क्र. 84/1, प्लॉट क्र. 47, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्लॉट 54, उत्तरेस प्लॉट 46, दक्षिणेस प्लॉट 48. दोन वर्षांनी घर बांधायला गेला, तर प्लॉटवर दुसऱ्याच्या विटा पडलेल्या. तो गृहस्थही खत घेऊनच आला होता. त्याच्या खतातही ख. क्र. 84/1 आणि प्लॉट 47.

अशा वेळी आवाज चढवण्याआधी दोन्ही खतं शेजारी ठेवून चतुःसीमा वाचायच्या. भावाच्या खतात पश्चिमेला प्लॉट 54 होता. आम्ही 84/1 चा ले-आऊट नकाशा मिळवला, तर त्यात एकूण प्लॉटच 48. मग 54 येणार कुठून? सोसायटीने त्याच मौजात आधी 83/2 वर 60 प्लॉटांचा एक ले-आऊट पाडला होता. त्या नकाशात 47 च्या मागे 54, उत्तरेला 46, दक्षिणेला 48 आणि पूर्वेला रस्ता, सगळं जुळलं. म्हणजे भावाचा प्लॉट 83/2 वरचा होता आणि खत 84/1 चं झालं होतं. खत टाइप करताना दुसऱ्या ले-आऊटमधलं आधीचं खत समोर ठेवून नाव, प्लॉट नंबर आणि सीमा बदलल्या, खसरा तसाच राहिला. आणि एजंटने जागा दाखवताना खसरा वाचून 84/1 वर नेलं होतं. भाऊ दोन वर्षं दुसऱ्याच्याच प्लॉटवरचं गवत काढत होता.

नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 21 नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तात ती ओळखता येईल इतकं वर्णन असावंच लागतं. आकडा आणि सीमा यांत विसंगती आली, तर न्यायालयं साधारणपणे स्पष्ट लिहिलेल्या चतुःसीमांना जास्त वजन देतात. म्हणून खत करताना 'उत्तरेस इतरांची मालमत्ता' असं मोघम लिहू देऊ नका. त्या चार ओळीच पुढे साक्षीदार होतात.

खसरा खरा कुठे बसतो, ते तपासायला तीन कागद लागतात. पहिला सातबारा. bhulekh.mahabhumi.gov.in वर तो नुसता पाहता येतो. अर्जाला जोडायचा असेल तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा घ्या, प्रतीला 15 रुपये पडतात. त्यात विकणाऱ्याचं नाव त्याच हिश्श्यावर आहे का, ते बघायचं. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, तेव्हा 1500 चौरस फूट म्हणजे साधारण 139 चौरस मीटर, जेमतेम 1.39 आर. दुसरा कागद गाव नकाशा, जो mahabhunakasha.mahabhumi.gov.in वर दिसतो. त्यावर 83/2 आणि 84/1 कुठे लागून आहेत, रस्ता कुणाच्या बाजूने जातो, हे कळतं. पडद्यावरची रेघ मात्र अंदाजापुरती, तिच्यावरून कुंपण घालू नका. तिसरा कागद ले-आऊटचा नकाशा, आणि तोही मंजूर असेल तर मंजुरीच्या शिक्क्याचा. शहरहद्दीत नियमितीकरणाचं पत्र, ज्याला सगळे आरएल म्हणतात, ते बहुधा नागपूर सुधार प्रन्यासकडचं असतं. बेशासारख्या हद्दीबाहेरच्या भागात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जावं लागतं. आरएलमधलं क्षेत्र खताशी जरूर ताडून बघा. मंजूर नकाशात रस्ता रुंद झाला की कडेच्या प्लॉटांचे काही फूट त्यात जातात.

जुन्या शहराची गोष्ट वेगळी. महाल, इतवारी, सीताबर्डी अशा नगर भूमापन झालेल्या भागांत सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका असते आणि ओळख शीट नंबर व नगर भूमापन क्रमांक यांवरून होते. तिथे खसरा शोधत बसू नये. महापालिकेचा घर क्रमांक दोन्हीकडे असतो, पण तो कर वसुलीसाठी. कराची पावती मालकी सांगत नाही, हद्द तर नाहीच.

भावाच्या प्रकरणात पुढचं पाऊल सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सरकारी सूची, तपासण्याचं होतं. आधी 83/2 वरचा प्लॉट 47 मधल्या काळात आणखी कुणाला विकला गेला नाही ना, हे बघणं भाग होतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वर्ष, गाव आणि मालमत्ता क्रमांक टाकून शोध घेता येतो. क्रमांकाच्या जागी एकदा खसरा आणि एकदा प्लॉट नंबर टाकून बघा, कारण दस्त नोंदवताना दोन्हींपैकी काहीही टाकलेलं असू शकतं. प्रत्येक वर्षासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

सुदैवाने तो विकलेला नव्हता. मग चूक दुरुस्ती लेख करायचा. त्यावर विकणारा आणि घेणारा दोघांनी सह्या करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. सोबत मूळ खत, दोन्ही खसऱ्यांचे सातबारे, ले-आऊट नकाशा, ओळखपत्रं. दुरुस्ती फक्त वर्णनाची आहे, जागा तीच आहे, हे लेखात स्पष्ट यावं. नाहीतर नवीन हस्तांतरण समजून पूर्ण मुद्रांक शुल्क मागितलं जाऊ शकतं. विकणारा सही करायला तयार नसेल, तर विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 26 खाली दिवाणी न्यायालयातून दस्त दुरुस्त करून घ्यावा लागतो. तो मार्ग लांबचा.

लेख नोंदला की फेरफार. पटवारी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नाव 84/1 वरून निघून 83/2 वर आलं की नाही, ते दोन्ही सातबारे काढून बघा. एकावर चढतं आणि दुसऱ्यावर तसंच राहतं, असं होतं.

मोजणीचा अर्ज यानंतरच. तो भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे जातो आणि करू शकतो फक्त तो, ज्याचं नाव सातबाऱ्यावर किंवा आखीव पत्रिकेवर आहे. नुसतं खत हातात असलेल्याला आधी फेरफार करून यावं लागतं. अर्जाला ताजा सातबारा, जागेचा कच्चा नकाशा आणि लगतच्या धारकांची नावं-पत्ते लागतात, कारण मोजणीची नोटीस त्यांना जाते. शुल्क क्षेत्रावर आणि नियमित की द्रुतगती यावर ठरतं. मोजणीनंतर हद्दी दाखवणारी नकाशाची 'क' प्रत मिळते.

इथे बरेच लोक फसतात. ले-आऊट अकृषक आणि मंजूर असेल, क्षेत्रातले बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक होऊन प्लॉटवार सातबारा झाला असेल, तर तुमच्या प्लॉटची मोजणी होते. पण जिथे एकाच 83/2 च्या सातबाऱ्यावर साठ लोकांची नावं आणि समोर नुसतं क्षेत्र आहे, तिथे भूमापक 83/2 ची बाहेरची हद्द दाखवू शकतो. आतला 47 वा चौकोन त्याच्या अभिलेखात नसतोच. अशा ले-आऊटमध्ये प्लॉटची जागा ठरते ती सोसायटीच्या नकाशावरून आणि शेजाऱ्यांच्या चतुःसीमांवरून, म्हणून आधी नियमितीकरण करून घ्यावं लागतं.

भावाचा ले-आऊट मंजूर होता. 'क' प्रत आली तेव्हा कळलं, त्याचा खरा प्लॉट त्या विटांपासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथे शेजाऱ्याने म्हशी बांधल्या होत्या.